दीडशे अक्षरांत काम दिसावे कसे : अर्जातील उपक्रमांच्या यादीत आकडे आणि ठोस परिणाम कसे लिहावेत

अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमांसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला निबंधाची धास्ती असते, पण त्याच्या चार-पाच वर्षांच्या कामाचा हिशेब प्रत्यक्षात मांडला जातो तो उपक्रमांच्या यादीत, आणि तिथे जागा फारच थोडी असते. अनेक महाविद्यालये स्वीकारतात त्या कॉमन ॲप या अर्जात जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदवता येतात. प्रत्येक उपक्रमासाठी भूमिकेच्या नावाला 50, संस्थेच्या नावाला 100 आणि वर्णनाला 150 अक्षरे मिळतात, आणि त्यात मोकळ्या जागा व विरामचिन्हेही मोजली जातात. इंग्रजीत याचा अर्थ साधारण वीस ते पंचवीस शब्द. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वतंत्र अर्जात वर्णनाला 350 अक्षरे मिळतात आणि वीसपर्यंत नोंदी करता येतात. तिथे थोडा श्वास घेता येतो, पण लिहिण्याची रीत तीच राहते.

या लेखात मी कॉमन ॲपचा 150 अक्षरांचा रकाना समोर ठेवला आहे. अर्ज इंग्रजीत भरायचा असला तरी उदाहरणे मराठीतच दिली आहेत, कारण अडचण सहसा भाषेची नसून काय लिहावे आणि काय गाळावे याची असते, आणि तो निर्णय आपल्या भाषेत अधिक स्वच्छ घेता येतो.

पहिली पायरी : अर्ज आधीच काय विचारतो ते पाहा

वर्णन लिहायला बसण्यापूर्वी त्या नोंदीतील बाकीचे रकाने भरून टाकावेत. उपक्रमाचा प्रकार, तुमची भूमिका, संस्थेचे नाव, कोणत्या इयत्तांत भाग घेतला, शाळा सुरू असताना की सुटीत, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हे सारे अर्ज स्वतंत्रपणे विचारतो. तरीही असंख्य वर्णनांची सुरुवात ‘गटाचा प्रमुख म्हणून मी दर शनिवारी तीन तास’ अशी होते आणि वाचणाऱ्याला त्याच नोंदीत दिसलेली माहिती पुन्हा सांगण्यात एक तृतीयांश जागा संपते. वेळेचा आकडा वर्णनात पुन्हा लिहू नये, हा पहिला नियम. वर्णनाचे काम त्यापुढचे आहे : त्या तासांत काय घडले आणि त्यातून काय उरले.

‘मी’ हा शब्दही गाळावा. ही यादी तुमचीच आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे वाक्य थेट क्रियापदावर उभे राहिले तरी अर्थ कुठेही अडत नाही.

दुसरी पायरी : लिहिण्याआधी मोजा

बहुतेकांची गफलत इथे होते. वर्णन लिहिता लिहिता आकडा आठवायचा प्रयत्न केला की तो नेहमी गोल येतो : ‘पन्नासेक’, ‘शंभरहून अधिक’, ‘दोनशेच्या आसपास’. असे आकडे ओळखायला वाचणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. म्हणून एक संध्याकाळ केवळ मोजण्यासाठी राखून ठेवावी आणि त्या दिवशी एकही वाक्य लिहू नये. प्रत्येक उपक्रमासाठी कोरे पान घ्यावे आणि जिथे जिथे कामाची खूण उरली असेल तिथे जाऊन पाहावे : हजेरीची वही, गटाचे जुने संदेश, फोनमधील छायाचित्रांच्या तारखा, शिक्षकांना पाठवलेली पत्रे, खर्चाच्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका. छायाचित्रांच्या तारखा विशेष उपयोगी पडतात, कारण ‘जवळपास दर आठवड्याला’ भरणारी सभा खरे तर वर्षात अकराच वेळा भरली होती हे त्यांतूनच कळते.

पानावर आकडे लिहिताना त्यांचे तीन थर वेगळे ठेवावेत. पहिला थर घातलेल्या श्रमांचा : किती तास, किती सभा, किती पाने वाचली. दुसरा तयार झालेल्या वस्तूंचा किंवा कृतींचा : किती अंक काढले, किती प्रयोग झाले, किती मुलांना शिकवले. तिसरा थर त्यामुळे बदललेल्या गोष्टींचा : कोण आता काय करू शकते, कोणती गोष्ट अजून चालू आहे, कोणती अडचण थांबली. विद्यार्थी पहिल्या थरावर रेंगाळतात, कारण ते आकडे हाताशी असतात. वाचणाऱ्याला मात्र तिसऱ्या थरात रस असतो, आणि तो नसेल तर दुसऱ्यात. पहिला थर तर अर्जाने तासांच्या रकान्यात आधीच घेतलेला असतो.

मोजणे शक्य नसेल तर अंदाज करायला हरकत नाही, पण अंदाज कसा केला ते त्याच पानावर लिहून ठेवावे. ‘प्रत्येक वर्गात 8 ते 12 मुले, 14 वर्ग, बरीच मुले पुन्हा पुन्हा येणारी, म्हणून वेगवेगळी मुले सुमारे 30’ अशी नोंद असली की अर्जात ‘सुमारे 30’ लिहिता येते. तीच नोंद न ठेवता 10 गुणिले 14 केले की ‘140 मुलांना शिकवले’ असे खोटे विधान तयार होते, आणि लिहिणाऱ्याला ते खोटे वाटतही नाही. हजेऱ्यांची बेरीज आणि माणसांची संख्या यांतील ही गल्लत मी पाहिलेल्या कच्च्या मसुद्यांत सर्वांत जास्त वेळा आढळली आहे. अंदाज करताना खालच्या बाजूला झुकावे.

तिसरी पायरी : एक नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. शाळेच्या सायकलतळावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या सायकली दुरुस्त करणारा एक विद्यार्थी आहे असे समजा. दोन वर्षे, आठवड्याला 3 तास, वर्षाला 30 आठवडे. त्याचा पहिला मसुदा साधारण असा असतो :

‘सायकल दुरुस्ती गटाचा प्रमुख म्हणून अनेक जुन्या सायकली दुरुस्त करून गरजू विद्यार्थ्यांना दिल्या. यातून नेतृत्व, संघभावना आणि जबाबदारीची जाणीव मिळाली.’

यातील ‘गटाचा प्रमुख’ हे भूमिकेच्या रकान्यात आलेच आहे. ‘अनेक’ म्हणजे चारही आणि चारशेही. दुसरे वाक्य तर वक्तृत्व, फुटबॉल किंवा वृक्षारोपण यांपैकी कशाखालीही जसेच्या तसे चिकटवता येईल, आणि जे वाक्य कुठेही चिकटते ते कुठल्याच कामाबद्दल काही सांगत नाही. संपूर्ण वर्णनात या मुलाचे हात ग्रीसने काळे झालेले दिसत नाहीत.

त्याने मोजायचे पान केले तेव्हा पुढील गोष्टी निघाल्या. एकूण 37 सायकली हाती घेतल्या. त्यांतल्या 29 चालू झाल्या आणि उरलेल्या 8 सुट्या भागांसाठी उघडल्या. पहिल्या वर्षाच्या शेवटापर्यंत 24 सायकली विद्यार्थ्यांना दिल्या, आणि दुसऱ्या वर्षी तयार झालेल्या 5 शाळेतच तात्पुरत्या वापरासाठी ठेवल्या. गटात आलेल्या 6 जणांना ब्रेक बसवणे आणि चेन काढून साफ करणे असे काम शिकवले. प्रत्येक सायकलीवर गटाने क्रमांकाची चिठ्ठी लावली होती, म्हणून वर्षभरानंतर सायकलतळावर जाऊन पाहिले तेव्हा दिलेल्या 24 पैकी 19 तिथे येताना दिसल्या.

शेवटचा आकडा या पानावरचा सर्वांत मोलाचा आहे. सायकली वाटल्या एवढे सांगितले तर ती दुसऱ्या थरावरची गोष्ट झाली. वर्षाने त्या चालत आहेत, म्हणजे दुरुस्ती खरोखर टिकली, हा तिसरा थर झाला. आणि तो मिळवायला फक्त एका आठवड्याच्या सकाळी खर्ची पडल्या. यावरून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी : अर्जाला काही महिने बाकी असतील तर अजूनही मागे जाऊन परिणाम पाहता येतो. शिकवलेल्या मुलाला फोन करून विचारता येते, दिलेली वस्तू वापरात आहे का ते पाहता येते.

हे सारे हाती आल्यावर त्याचा दुसरा मसुदा असा झाला : ‘37 सायकली, 29 दुरुस्त, 8 सुटे भाग, 24 वाटप, 5 शाळेत, 6 सदस्य प्रशिक्षित, 2 वर्षे, 180 तास.’ पहिल्या मसुद्यात आकडा नव्हता, दुसऱ्यात आकड्यांशिवाय काहीच नाही. हे गोदामातल्या मालाच्या यादीसारखे वाचले जाते, आणि कोणता आकडा महत्त्वाचा हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते, ज्याच्यापुढे त्या दिवशी आणखी कितीतरी अर्ज असतात. माझ्या मते 150 अक्षरांत परस्परांशी जोडलेले तीन-चार आकडे ही वरची मर्यादा मानावी, आणि प्रत्येक आकड्याला क्रियापद असावे. तिसरा मसुदा :

‘पडीक 37 सायकलींपैकी 29 चालत्या केल्या, 24 विद्यार्थ्यांना दिल्या, वर्षाने 19 रोज वापरात. 6 नवख्यांना ब्रेक व चेनचे काम शिकवले.’

मात्रा आणि अनुस्वार वेगवेगळे मोजले तरी हे 150 च्या आत बसते. इथे पाच आकडे आहेत, म्हणजे मी आत्ताच सांगितलेली मर्यादा एकाने ओलांडली आहे, पण पहिले चार एकाच साखळीत आहेत : पडलेल्या, त्यांतल्या चाललेल्या, त्यांतल्या दिलेल्या, त्यांतल्या टिकलेल्या. साखळी असली की वाचताना आकडे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत. शिवाय 37 पैकी 29 असे लिहिल्याने आठ सायकली जमल्या नाहीत हे आपोआप कबूल होते, आणि ती कबुली बाकीच्या आकड्यांना वजन देते.

एक शब्द मात्र अजून खटकतो : ‘रोज’. त्याने सायकलतळ पाहिला तो एक आठवडा. त्या आठवड्यात 19 वेगवेगळ्या क्रमांकांच्या सायकली केव्हा ना केव्हा आल्या, पण प्रत्येक सायकल रोज आली असे त्याच्या वहीत नाही. म्हणून ‘रोज’ काढायचा आणि ‘वर्षाने 19 वापरात’ एवढेच ठेवायचे. अतिशयोक्ती ठरवून केलेली क्वचित असते. ती अशी एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या क्रियाविशेषणातून आत शिरते.

चौथी पायरी : आकडा एकमेकांशी जुळतो का

वाचणारा नकळत एक साधा भागाकार करतो. आठवड्याला 3 तास, वर्षाला 30 आठवडे, दोन वर्षे, म्हणजे 180 तास. 29 सायकलींना प्रत्येकी साधारण सहा तास पडले. गंजलेल्या, चाके वाकलेल्या सायकली, सोबत नवख्यांना शिकवणे, हे पटण्याजोगे आहे. त्याच तासांत 290 सायकली लिहिल्या असत्या तर एका सायकलीला 37 मिनिटे आली असती, आणि मग एकतर तास चुकले आहेत किंवा सायकली, असा संशय येतो. हा भागाकार अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक नोंदीसाठी स्वतः करून पाहावा.

हाच हिशेब सगळ्या यादीवर एकदा करावा. शाळेच्या दिवसांत चालणाऱ्या उपक्रमांचे साप्ताहिक तास एकत्र केले आणि ते 45 आले, तर शाळा, अभ्यास आणि झोप यांना जागा कुठे उरली हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा कारण साधे असते : स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांतले तास वर्षभरासाठी लिहिलेले असतात. तास कमी-जास्त होत असतील तर एकूण तासांना आठवड्यांनी भागून सरासरी लिहावी.

टक्केवारीबद्दलही इथेच सांगतो. ‘वाचक 300 टक्क्यांनी वाढवले’ हे भारदस्त वाटते, पण शाळेच्या भित्तिपत्रकाचे वाचक 10 होते ते 40 झाले असतील तर तेच लिहावे : ‘वाचक 10 वरून 40’. पाया लहान असताना टक्केवारी दिली की काहीतरी लपवल्यासारखे दिसते. सायकलींच्या नोंदीत ‘79 टक्के वापरात’ असे लिहिता आले असते, पण ‘24 पैकी 19’ हे अधिक खरे आहे आणि डोळ्यांसमोर उभेही राहते. टक्केवारी तेव्हाच वापरावी जेव्हा मूळ संख्या मोठी असेल आणि ती जवळपासच दिलेली असेल.

पाचवी पायरी : यात तुमचे किती

सामूहिक कामात आकडा गटाचा असतो आणि अर्ज एकट्याचा. वीस जणांच्या नाट्यगटाने चार प्रयोग केले आणि 600 प्रेक्षक आले. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीने ‘600 प्रेक्षकांसमोर चार प्रयोग’ असे लिहिले तर ते खोटे नाही, पण ती तिथे नेमकी काय करत होती हे त्यातून कळत नाही. ‘4 प्रयोगांची प्रकाशयोजना एकटीने आखली, 14 दिव्यांवर 62 बदल, दिवा बंद पडल्यावर चालू प्रयोगात जुळवून घेतले’ यात 600 चा आकडा नाही आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती मुलगी दिव्यांच्या नियंत्रणापाशी उभी दिसते. मोठा आकडा आणि स्वतःचा आकडा यांत निवड करायची वेळ आली तर स्वतःचा घ्यावा. दोन्ही बसत असतील तर गटाचा आकडा पार्श्वभूमी म्हणून आणि स्वतःचा क्रियापदासह लिहावा.

ज्या आकड्यांवर तुमचा ताबाच नव्हता ते तर सोडूनच द्यावेत. ‘10,000 लोकांपर्यंत पोहोचलो’ या विधानामागे सहसा समाजमाध्यमावरील एका चित्रफितीचा आकडा असतो, आणि पोहोचण्याचा अर्थ पडद्यावरून बोट सरकताना दिसून जाणे एवढाच असू शकतो. त्या चित्रफितीमुळे सात जणांनी रक्तदानासाठी नावे नोंदवली असतील तर त्या सातांची नोंद दहा हजारांपेक्षा भक्कम आहे.

सहावी पायरी : जिथे आकडा नाही

काही कामांत मोजण्याजोगे फारसे नसते, आणि अशा नोंदींत ओढूनताणून आकडा आणला की हास्यास्पद होते. घरची जबाबदारी हे त्याचे ठळक उदाहरण. कॉमन ॲपच्या प्रकारांच्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्यांसाठी स्वतंत्र पर्याय आहे, तरीही अनेक मुले हे काम लिहितच नाहीत, कारण त्यात पदक नाही की प्रमाणपत्र नाही. ‘धाकट्या भावाला सांभाळतो’ एवढे लिहिले तर ते घराघरांतले वाटते. त्याऐवजी ‘आईची रात्रपाळी असताना 6 वर्षांच्या भावाचा अभ्यास, चौघांचा स्वयंपाक; त्याच्या तोतरेपणासाठी थेरपिस्टने दिलेला सराव रोज करून घेतो’ असे लिहिले की त्यातले लहान आकडे मिरवण्यासाठी न येता परिस्थिती दाखवण्यासाठी येतात. इथे ‘रोज’ राहू द्यावा, तो खरा असेल तर.

एकट्याने केलेल्या छंदाचेही तसेच. बासरी शिकणाऱ्याने ‘दीड हजार तास रियाज’ लिहिण्याने काही साधत नाही, कारण तास त्यांच्या रकान्यात आलेच आहेत. कोणता राग तो आता अर्धा तास मांडू शकतो, गुरूंच्या गैरहजेरीत कोणाला काय शिकवतो, स्वतः कोणती रचना बांधली, हे लिहावे. ठोस परिणाम म्हणजे दरवेळी अंकच असला पाहिजे असे नाही. ज्याला ‘दाखव’ म्हणता येईल अशी कोणतीही गोष्ट चालते. मी मसुदा तपासताना प्रत्येक दाव्यापुढे मनात एवढेच विचारतो : हे मला दाखवता येईल का? ‘नेतृत्वगुण विकसित झाले’ याला उत्तर नसते. ‘गटाची कार्यपुस्तिका लिहिली, नवे सदस्य तीच वापरतात’ याला असते.

सातवी पायरी : सन्मानांच्या नोंदी

सन्मानांसाठी कॉमन ॲपमध्ये पाच जागा आणि प्रत्येकी 100 अक्षरे आहेत, शिवाय तो कोणत्या पातळीवरचा (शाळा, राज्य, राष्ट्र, आंतरराष्ट्रीय) हे वेगळे विचारलेले असते. इथे एकच आकडा बहुतेक वेळा पुरतो आणि तो म्हणजे किती जणांतून. दूरच्या देशातल्या वाचणाऱ्याला स्पर्धेचे नाव काहीच सांगत नाही. ‘तिसरा क्रमांक’ हा पाच जणांतला की पाचशे जणांतला हे त्याला समजले पाहिजे. स्पर्धकांची संख्या ठाऊक नसेल तर आयोजकांना विचारावी, आणि कळलीच नाही तर निवड कशावर झाली ते थोडक्यात लिहावे : लेखी परीक्षा, प्रकल्प, मुलाखत. संख्या मनाने लिहू नये. अर्जाच्या शेवटी दिलेली माहिती खरी असल्याचे तुम्ही स्वतः सही करून सांगता.

आठवी पायरी : रकान्यात बसवणे

आता कापाकापी. संख्या अंकांत लिहावी. दोन लहान वाक्ये अर्धविरामाने जोडली की ‘आणि त्यानंतर’ वाचते. वर्णनात विशेषण उरले असेल तर ते आधी जाते. इंग्रजीत लिहिताना संक्षेप वापरायचे असतील तर सर्वांना कळणारेच वापरावेत. शाळेतल्या गटाचे आद्याक्षरी नाव बाहेरच्याला समजत नाही, त्यासाठी संस्थेच्या नावाचा 100 अक्षरांचा रकाना आहे, तिथे पूर्ण नाव लिहावे.

मसुदा वेगळ्या कागदपत्रात तयार करून अर्जात चिकटवत असाल तर चिकटवल्यानंतर शेवटचा शब्द नजरेखालून घालावा, कारण मर्यादेपलीकडचे सहज निसटते. ‘6 नवख्यांना ब्रेक व चेनचे काम शि’ इथे थांबलेली नोंद एखाद्या चुकीच्या आकड्याइतकीच वाईट दिसते. अर्ज पाठवण्यापूर्वी त्याची पीडीएफ प्रत पाहता येते. ती उघडून उपक्रमांचे पान मोठ्याने वाचावे, आणि शक्य असेल तर तुमचे काम जवळून न पाहिलेल्या एखाद्याला ऐकवावे. ऐकणाऱ्याने ‘29 चालत्या केल्या आणि 24 दिल्या, तर उरलेल्या पाच कुठे गेल्या?’ असे विचारले तर घाबरण्याचे कारण नाही. उत्तर तुमच्या वहीत आहे, आणि मुलाखतीत कोणी विचारलेच तर तिथेही तेच द्यायचे आहे.